पोस्टमनकाकांची शेवटची फेरी

तुमच्या घरी पोस्टमन शेवटचा कधी आला होता? कदाचित आधार कार्डाचं पाकीट घेऊन आला असेल, किंवा बँकेचं एटीएम कार्ड घेऊन. पण ‘माझं पत्र आलं का?’ असं विचारत तुमच्यापैकी कुणी दारात उभं राहिलं नसेल. आम्ही उभे राहायचो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात सकाळी अकराच्या सुमाराला साकवावर सायकलची घंटी वाजली, की आम्ही पोरं खळ्यातला खेळ टाकून वाटेवर धावत सुटायचो.

घंटी वाजवणारे ते आमचे पोस्टमनकाका. मोठी माणसं त्यांना ‘पोस्टमनानू’ म्हणत. मालवणी बोलीत असं ‘नू’ लावलं, की त्यात आदर येतो. काकांनी १९७९ साली हे काम धरलं. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. शहरातला पोस्टमन साठाव्या वर्षी निवृत्त होतो. खेड्यातल्या टपालवाल्याची गोष्ट थोडी वेगळी असते. त्याला आता ‘ग्रामीण डाकसेवक’ म्हणतात. दिवसाचे काही तासच त्याचं काम असतं आणि ते पासष्टाव्या वर्षापर्यंत चालतं. ते संपल्यावर ठरलेले एकरकमी पैसे मिळतात, पण पोस्टातल्या कायम नोकरांसारखं दरमहा पेन्शन मिळत नाही. म्हणून असे बरेच जण टपालाबरोबर शेतीही करतात. काकाही करायचे.

काकांचा शेवटचा दिवस होता ३० मार्च २०१९. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून शनिवारीच शेवटची फेरी होती. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. चौथीच्या मुलांना पत्रलेखनाचा धडा शिकवून झाला होता. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन मी पाच मुलांना बरोबर घेतलं आणि पोस्टाकडे निघालो. म्हटलं, पत्र लिहिल्यावर त्याचं पुढं काय होतं, ते मुलांना डोळ्यांनी बघू दे.

आमचं पोस्ट म्हणजे एका घराची ओटी. तिथे एक टेबल, एक लोखंडी पेटी, भिंतीवर तराजू आणि दाराबाहेर लाल डबा. तिठ्यावर एसटी आली. काकांनी कंडक्टरकडून टपालाची थैली घेतली. थैलीचं तोंड दोरीनं बांधलेलं होतं आणि गाठीवर लाखेची मोहोर होती. पोस्टमास्तरीणबाईंनी आधी मोहोर नीट पाहिली, मगच दोरी कापली.

“मोहोर कशाला बघतात?” एका मुलीनं विचारलं.

“वाटेत कुणी थैली उघडली असेल तर मोहोर तुटलेली दिसते,” काका म्हणाले. “ती तुटलेली असली तर थैलीला हात लावायचा नाही. आधी तसं लिहून ठेवायचं.”

मग प्रत्येक पत्रावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का बसला. टक्, टक्, टक्. त्यानंतर काकांनी पत्रं लावायला घेतली. मुलांना वाटलं, आता नावांप्रमाणे लावतील. पण काका चालण्याच्या वाटेप्रमाणे लावत होते. तिठ्याजवळचं घर सगळ्यात वर, मग मधली वाडी, साकवापलीकडची वरची वाडी आणि शेवटी बंदरवाडी. पुढं काकांचं काम काही दिवस शेजारच्या गावातली एक मुलगी बदली म्हणून पाहणार होती. ती हातात वही घेऊन त्यांच्याबरोबर होती. काका सांगत होते आणि ती लिहीत होती.

“ह्या घरात कुत्रा आहे, पण तो फक्त सायकलीला भुंकतो. सायकल बाहेर लाव. ह्या आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. आणि आपल्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच आहे, म्हणून नुसत्या नावावर पत्र देऊ नकोस. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव बघ, वाडी बघ. तरी खात्री झाली नाही, तर पाठवणाऱ्याचं नाव विचार. ज्याचं पत्र असतं, त्याला ते माहीत असतं.”

त्या दिवशी थैलीत अकरा टपालं होती. त्यांत दोन बँकेची, तीन विम्याची, एक लग्नपत्रिका, काही सरकारी पाकिटं आणि एकच पोस्टकार्ड. “पूर्वी गणपतीच्या आधी थैली मला उचलत नसे,” काका हसून म्हणाले. “आता थैली हलकी आणि माणूस जड झाला.”

आम्ही निघालो. मधल्या वाडीत पहिल्याच घरी एक काकी खळ्यात उभ्या होत्या. त्यांच्या नावाचं टपाल नव्हतं, तरी त्यांनी हाक मारली. “पोस्टमनानू, येवा. आज च्या घेतल्याशिवाय जावचा नाय.” चहा झाल्यावर त्यांनी ओल्या काजूगरांची पुडी पुढं केली. काकांनी ती घेतली, पण खांद्यावरच्या पिशवीत घातली नाही. “ह्या पिशवीत फक्त टपाल,” ते म्हणाले. शेवटी पुडी एका मुलाच्या दप्तरात गेली. पुढं प्रत्येक घरी असंच झालं. कुठं सोललेला नारळ, कुठं आमसुलं, कुठं कुळथाचं पीठ. आमच्या पाच जणांची दप्तरं फुगत चालली आणि काकांची पिशवी रिकामी होत गेली.

मला आधी वाटलं होतं, शेवटचा दिवस आहे, लोक नारळ देतील, नमस्कार करतील आणि संपेल. पण काही घरांत लोकांनी आजवर कुणाला न सांगितलेल्या गोष्टी सांगितल्या. तीस वर्षं मी ह्या गावात राहतो, पण त्या मला ठाऊक नव्हत्या. त्यांतल्या तीन तुम्हांला सांगतो. ज्यांच्या घरच्या आहेत त्यांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र सांगत नाही. का ते शेवटी कळेल.

वरच्या वाडीतल्या एका घरी एक आजी काठी टेकत बाहेर आल्या. काका त्यांच्या पाया पडले, तर त्यांनीच काकांचा हात धरला. “तीनशे रुपयांची गोष्ट सांगू काय पोरांक?” त्यांनी विचारलं. काका खाली बघायला लागले. मग म्हणाले, “सांगा. शिकतील.”

ती गोष्ट समजायला आधी मनिऑर्डर म्हणजे काय ते समजलं पाहिजे. तेव्हा आमच्या गावातल्या जवळपास प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईत नोकरीला असे. त्याला चाकरमानी म्हणतात. पगार झाला, की तो तिथल्या पोस्टात जाई, एक फॉर्म भरी आणि पैसे देई. वीस रुपयांना एक रुपया असं पोस्टाचं कमिशन असे. म्हणजे तीनशे रुपये पाठवायचे, तर पंधरा रुपये जास्त द्यावे लागत. पैशांच्या नोटा काही मुंबईहून येत नसत. फॉर्म तेवढा येई आणि पैसे इथल्या पोस्टातून मिळत. पोस्टमन ते घरी नेऊन, मोजून हातात देई. फॉर्मला तीन भाग असत. एका भागावर पैसे घेणाऱ्यानं सही करायची, तो पोस्टात राही. दुसरा भाग म्हणजे पोच. तिच्यावरही सही करायची आणि ती परत मुंबईला जाई, म्हणजे पाठवणाऱ्याला कळे की पैसे पोचले. तिसरा भाग कुपन. त्याच्यावर दोन ओळींचा निरोप लिहिता येई. ते कुपन फाडून घरच्यांना देत. सही येत नसेल तर अंगठा उठवायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची.

आता आजींची गोष्ट. त्यांचा मुलगा मुंबईत होता. वाडीत त्यांच्याच नावाची आणि त्यांच्याच आडनावाची आणखी एक बाई राहत असे. तिचाही मुलगा मुंबईतच. एका जुलै महिन्यात आजींच्या मुलानं तीनशे रुपये पाठवले. फॉर्मवर त्यानं आईचं नाव, आडनाव आणि गाव लिहिलं, पण बापाचं नाव लिहायला तो विसरला. त्या दिवशी धो धो पाऊस होता. काका भिजलेले होते आणि घाईत होते. वाटेत आधी दुसऱ्या बाईचं घर लागलं. तिलाही मुलाकडून पैसे यायचेच होते. तिनं अंगठा उठवला, शेजाऱ्यानं साक्षीची सही केली आणि काकांनी पैसे मोजून दिले.

“कुपन वाचून दाखवलं असतं, तर तिथंच कळलं असतं,” काका म्हणाले. “कुपनावर लिहिलं होतं, ‘चष्मा करून घे.’ त्या बाईला चष्म्याची गरजच नव्हती. पण मी म्हटलं, पाऊस थांबल्यावर कुणीतरी वाचून दाखवील.”

मग चूक कळली कशी? पोच मुंबईला गेली. मुलानं ती हातात घेतली आणि तो चमकला. पोचेवर अंगठा होता. आणि त्याची आई तर चौथी शिकलेली होती, ती सही करायची! त्यानं घाबरून पत्र पाठवलं, ‘आई, तुझ्या हाताला काय झालं? सही का केली नाहीस?’

दुसऱ्या दिवशी आजी ते पत्र घेऊन वाटेवर उभ्या राहिल्या. काकांनी वाचलं आणि त्यांचे पाय थरथरले. चुकीच्या माणसाला पैसे दिले, तर ते पोस्टमनला भरून द्यावे लागतात. आजींनी तालुक्याच्या पोस्टात तक्रार केली असती, तर कामही जाऊ शकलं असतं. काका आधी त्या दुसऱ्या बाईकडे गेले. तिनं निम्मे पैसे खर्च केले होते. तिची काही चूक नव्हती. ती रडायलाच लागली. काकांनी तिला सांगितलं, की जमेल तसे दे. संध्याकाळपर्यंत इकडून तिकडून पैसे गोळा करून त्यांनी पूर्ण तीनशे रुपये आजींच्या हातात दिले. पोस्टमास्तरांनाही जाऊन स्वतः सगळं सांगितलं. त्या काळात ही रक्कम त्यांच्यासाठी लहान नव्हती. दुसऱ्या बाईनं महिन्याला शंभर असे तीन महिन्यांत पैसे फेडले.

“तिचा नाव तुमी गावात कोणाक सांगलात नाय,” आजी म्हणाल्या. “लोक तिका चोर म्हणले असते. आणि चूक झाली म्हणान तोंडसुद्धा लपवलात नाय. दुसऱ्या दिवशी परत घंटी वाजवीत इलास.”

बदलीवरच्या मुलीची पेन्सिल थांबली होती. काका तिला म्हणाले, “लिही. कुपन वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.” आणि मग स्वतःच म्हणाले, “पण आता कुठं कुपन राहिलं? जुनी मनिऑर्डर २०१५ सालीच बंद झाली. आता असते ती संगणकावरची. तरी लिही. घाईत खात्री करायची राहते, एवढं लिही.”

साकव ओलांडून आम्ही बंदरवाडीत उतरलो. मार्चमधलं ऊन डोक्यावर आलं होतं. खाडीच्या कडेला जाळी वाळत पडली होती. तिथल्या एका घरी पंचावन्न-साठ वर्षांच्या एक मावशी दारातच बसलेल्या होत्या. त्यांच्या दोन मुली काकांना भेटायला मुद्दाम आल्या होत्या. एक कणकवलीहून, एक कुडाळहून. एक परिचारिका आहे, दुसरी माझ्यासारखीच शिक्षिका.

मावशींनी आम्हांला बसवलं, कोकम सरबत दिलं आणि सांगायला सुरुवात केली. त्यांचं लग्न झालं तेव्हा घरात दीर, जावा मिळून बारा माणसं. नवरा मुंबईत. तो मनिऑर्डर बायकोच्या नावानं पाठवी, कारण मुलींच्या शाळेचा खर्च त्यातून व्हायचा होता. पण घरातल्या मोठ्या माणसाला ते पसंत नव्हतं. पोस्टमन आला, की तो पुढं होऊन म्हणे, “पैसे माझ्याकडे द्या, मी सही करतो. घर एकच ना?”

काका ओटीवर उभे राहत आणि शांतपणे म्हणत, “घर एकच आहे, पण फॉर्मवर नाव त्यांचं आहे. त्यांना बाहेर बोलवा.”

कधी उत्तर येई, “ती शेतात आहे.” मग काका म्हणत, “उद्या येतो.” दुसऱ्या दिवशी तेच. एकदा तर पाच दिवस हेलपाटे झाले. मनिऑर्डर सात दिवसांत दिली गेली नाही, तर ती पाठवणाऱ्याकडे परत जाते. हे घरातल्यांना ठाऊक होतं. आणि ती परत जाऊ नये, असं त्यांनाही वाटत होतं. सहाव्या दिवशी मावशींना बाहेर बोलावलं. काकांनी त्यांच्यासमोर एकेक नोट मोजून हातात ठेवली.

“त्या दिवशी पयल्यांदा माज्या हातात माजे पैसे इले,” मावशी म्हणाल्या. “पुढं घरात किती बोलणी खाल्ली ती माजा माका ठाऊक. पण माजी पोरां शिकली.”

शिक्षिका झालेली मुलगी काकांना म्हणाली, “काका, तुम्ही घरातल्यांशी कधी भांडला नाहीत. त्यांच्याविरुद्ध बाहेर बोलला नाहीत. फक्त नियम सांगत राहिलात.”

काका म्हणाले, “भांडलो असतो, तर तुझ्या आईलाच त्रास झाला असता. मी पाच मिनिटांसाठी येणारा माणूस. ती तिथंच राहणारी. नियमाचं बरं असतं, पोरी. त्याच्यावर कुणी रागवू शकत नाही.”

शेवटचं घर आमचं होतं. काकांनी मुद्दाम ते शेवटी ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांच्या पिशवीत उरलेलं एकच पोस्टकार्ड माझ्या वडिलांच्या नावाचं होतं. गिरणीतल्या एका जुन्या सोबत्यानं लिहिलेलं.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांच्यात कोकणातली माणसं पुष्कळ होती. संप लांबला, पगार थांबले आणि आमच्यासारख्या गावांतल्या मनिऑर्डरी एकेक करून बंद झाल्या. पुढं पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट सुरूच झाल्या नाहीत. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. संप झाला, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण आमच्या ओटीवर काय झालं, ते त्या दिवशी वडिलांनी सांगितलं.

माझी आजी रोज अकरा वाजता ओटीवर येऊन बसायची. पहिले दोन महिने काका येऊन सांगत, “आज काही नाही.” तिचं तोंड उतरलेलं बघून त्यांना वाईट वाटे. म्हणून त्यांनी वाट बदलली. आमच्या घरावरून न जाता ते मागच्या पाणंदीनं जाऊ लागले. रोज रोज ‘नाही’ तरी कशाला सांगायचं?

चार-पाच दिवसांनी आजीनं त्यांना पाणंदीत गाठलं. म्हणाली, “पोस्टमनानू, तुमी येणा बंद केलात. आता पत्र इला नाय, की पोस्टमन इलो नाय, ह्यां माका कसा कळतला? मी दिवसभर वाट बघीत रवतंय. नाय म्हणान सांगूक तरी येवा.”

त्यानंतर काका रोज येत राहिले. सायकल खळ्यात उभी करायची, ओटीपर्यंत यायचं आणि म्हणायचं, “आज नाही, काकी.” मग आजी उठायची आणि कामाला लागायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. वडील गावी परत येईपर्यंत, म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त काळ, टपाल नसताना ते आमच्या घरी येत राहिले. वडील रिकाम्या हातानं परतले ते त्याच वाटेनं. तिठ्यावर एसटीतून उतरल्यावर पहिली भेट काकांचीच झाली. काकांनी काही विचारलं नाही. वळकटी सायकलीवर टाकली आणि घरापर्यंत आणून सोडली.

“आई शेवटपर्यंत म्हणायची,” वडील सांगत होते, “की पत्र आणणारे पुष्कळ असतात, पण ‘नाय’ सांगायला येणारा एकच.”

वडिलांचा आवाज भरून आला. मीही गप्प झालो. माझ्या नेमणुकीचं पत्र २०१० साली ह्याच काकांनी आणून दिलं होतं. भर पावसात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. सही घेताना ते इतकंच म्हणाले होते, “झिला, अक्षर नीट काढ. आता तुझ्या अक्षराकडे पोरं बघणार.” त्या दिवशी मी त्यांना पेढे दिले, पण आजीची गोष्ट त्यांनी तेव्हाही काढली नव्हती. आमच्याच घरची गोष्ट, आणि ती आम्हांलाच त्यांनी कधी सांगितली नाही.

निघताना एका मुलानं विचारलं, “काका, तुम्हांला सगळ्या गावाच्या गोष्टी माहीत आहेत. त्या आम्हांला सांगाल?”

काका म्हणाले, “नाही रे. आज त्यांनी त्यांच्या सांगितल्या. मी सांगायच्या नसतात. पत्र ज्याच्या नावाचं, त्याचंच असतं. वाचून दाखवलं तरी ते माझं होत नाही.”

म्हणून मीही नावं लिहिली नाहीत.

पोस्टात परतल्यावर काकांनी पिशवी झटकून रिकामी केली, घडी घातली आणि त्या मुलीच्या हातात दिली. लाल डब्यातलं टपाल काढलं. त्यात तीनच पत्रं होती. ती थैलीत गेली, दोरी बांधली, लाख वितळवून मोहोर उठली. दुपारच्या एसटीत थैली चढली आणि चाळीस वर्षांचं काम संपलं. हार नाही, भाषण नाही. मुलांनी दप्तरातले नारळ, काजूगर, आमसुलं काकांच्या घरी नेऊन पोचवली.

सोमवारी शाळेत एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, काकांना कधी कुणी पत्र पाठवलं असेल का?” मलाही ते सुचलं नव्हतं. मग आम्ही पोस्टातून पन्नास पैशांची एक अशी तेवीस पोस्टकार्डं आणली. साडेअकरा रुपये झाले. प्रत्येकानं आपलं पत्र स्वतः लिहिलं. पत्ता फळ्यावर लिहून दिला नाही. काकांनी सांगितलेलं आठवून लिहा, म्हटलं. नाव, वडिलांचं नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग आणि पिन कोड. मुलांनी लाल डब्यात पत्रं टाकली. गंमत अशी, की काकांचं घर तिथून शंभर पावलांवर आहे, पण शिक्के बसल्याशिवाय आणि वाटणीला निघाल्याशिवाय ती पत्रं त्यांना मिळाली नाहीत.

आठ दिवसांनी शाळेच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. ते आजही आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. त्यावर काकांनी लिहिलं होतं :

‘चि. मुलांनो, तुमची बावीस पत्रं मिळाली. अक्षर चांगलं आहे. दोघांनी वाडी लिहिली नाही, पण मुलीनं चौकशी करून आणून दिली. तेवीस जण असताना बावीसच का, ते बघा. कुणीतरी पत्ता लिहायला विसरला असेल. त्याला रागावू नका. पुन्हा लिहायला सांगा.’

आम्ही शोधलं. विसरलेला मुलगा सापडला. पाठीमागच्या बाकावरचा, नेहमी घाई करणारा. त्यानं दुसरं कार्ड आणलं, सावकाश पत्ता लिहिला, दोनदा वाचला आणि मग डब्यात टाकला.

त्यानंतर टपालात बरंच बदललं. २०२५ साली तर आपलं जुनं रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात मिसळून गेलं. पण पोस्टकार्ड अजून आहे. काका आता शेतात असतात. सकाळी अकराला त्यांच्या दारावरून टपाल जातं. परवा मी भेटायला गेलो, तेव्हा ते ओटीवर बसले होते. वाटेवरून नवीन डाकसेवक जात होता. त्यानं थांबून हाक दिली, “आज नाही हो, काका!”

काका हसले आणि उठून कामाला लागले.